सत्तेचाळीस, तीन, पाच

पिक्चर लॉक सकाळी दहाला द्यायचं ठरलं होतं. साउंड डिझायनरच्या स्टुडिओच्या तारखा लागल्या होत्या, संगीतकार हटून बसला होता की हलत्या टाइमलाइनवर यापुढे एक सूरही लिहिणार नाही, आणि निर्माता दर दोन तासांनी फोन करून फक्त ‘चाललंय ना?’ एवढंच विचारत होता. लॉक म्हणजे चित्राला कुलूप. त्यानंतर एक फ्रेमसुद्धा इकडची तिकडे करायची नाही, कारण पावलांच्या आवाजापासून पार्श्वसंगीतापर्यंत सगळं त्या लांबीवर बेतलं जाणार. नंतर कोणी एक सेकंद वाढवला, तर त्याच्या पुढचं सगळं एक सेकंदाने सरकतं आणि चार माणसांचं काम उसवतं.

रात्री बाराच्या सुमाराला चित्रपटात एकच जागा लंगडत होती. सीन सत्तेचाळीस.

सीन साधा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, सासरच्या ओसरीवर, पन्नाशी उलटलेली बाई सुपात तांदूळ निवडते आहे. धाकटा भाऊ माहेराहून आलाय. त्याच्या पिशवीत हक्कसोडपत्र आहे. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीने सोडला, असं त्यात लिहिलेलं असतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला खरा, पण या कागदावर सह्या घेणं काही थांबलेलं नाही, हे गावाकडच्या कुठल्याही वाचकाला सांगायला नको. भाऊ विचारतो, ‘आक्का, सही करतीस न्हवं?’ ती मान वर करते आणि म्हणते, ‘बाबा जाताना मला बोलले हुते, हिरीजवळचा तुकडा तुझा.’ भाऊ गप्प होतो, मग म्हणतो, ‘बरं, उद्या बघू.’ एवढंच.

तिसरा टेक ओके झाला होता. आक्का करणाऱ्या मावशी जुन्या नाटकवाल्या. मान वर करताना त्यांचे डोळे भरून येतात, आवाज किंचित फाटतो, ओळ नेमकी पडते. तो टेक झाल्यावर सेटवर सगळे गप्प झाले होते म्हणे. मी तिथे नव्हतो, एडिटर सहसा नसतोच, आणि नसावाच असं माझं मत आहे. शॉट घ्यायला किती घाम गाळला हे ठाऊक नसलेलं एक माणूस टीममध्ये लागतं.

तर टेक उत्तम होता आणि सीन चालत नव्हता. कारण पटकथेत नव्हतं, आम्हीच घडवलेलं होतं. पटकथेप्रमाणे वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग या सीननंतर आठवण म्हणून येणार होता. विहिरीजवळच्या तुकड्याची गोष्ट प्रेक्षकाला पहिल्यांदा आक्काच्या तोंडून कळायची, म्हणून त्या ओळीला वजन होतं. एडिटमध्ये तो प्रसंग आम्ही उचलून सुरुवातीला आणला, कारण नाहीतर पहिली वीस मिनिटं आक्काशी काही देणंघेणंच जुळत नव्हतं. त्याने चित्रपट सुधारला. पण सत्तेचाळीसपर्यंत पोहोचताना आता प्रेक्षकाला सगळं माहीत असायचं. आक्का जे डोळे भरून सांगते, ते त्याने स्वतः पाहिलेलं असायचं. आणि माहीत असलेली गोष्ट कोणी रडत सांगायला लागलं की आपण त्या माणसापासून जरा मागे सरकतो.

मग मी कातरत बसलो. ओळीचा अर्धा भाग भावाच्या चेहऱ्यावर टाकला. मग ओळच काढली, आक्काची मान वर होण्याआधीच कापलं आणि भावावर गेलो. पण मान वर करायला निघालेली बाई मध्येच कापली की ठिगळ दिसतं. तिच्या खांद्यात बोलण्याची तयारी दिसते, श्वास आत घेतलेला दिसतो, आणि बोलणं मात्र येत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. हे झाकायला मला सूप आणि हात यांचा एखादा जवळचा शॉट हवा होता, दोन सेकंदांचा. तो कोणी घेतलाच नव्हता. त्या दिवशी उजेड गेला होता.

असा शॉट कुठे अपघाताने मिळतो का, ते शोधायला मी सिंक न झालेल्या क्लिप्सचा बिन उघडला.

आपल्याकडे चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात. दोन्ही जुळवायला क्लॅप असते. पाटी आपटते ती फ्रेम आणि ‘टक्’ हा आवाज एकमेकांवर ठेवले की पुढचं सगळं जुळतं. रशेस, म्हणजे शूटिंगचं कच्चं फुटेज, आल्यावर असिस्टंटचं पहिलं काम हेच. पण चाळीस-पन्नास तासांचं फुटेज असतं, म्हणून तो कंटिन्युइटी शीट बघतो आणि ओके टेक आधी जुळवतो, मग राखीव ठेवलेले, आणि वेळ उरला तर एनजी, म्हणजे सेटवरच निकामी ठरवलेले. वेळ उरत नाही. ज्यांची क्लॅप सापडत नाही ते एका बिनमध्ये पडून राहतात.

फिल्मच्या काळात हे आणखी कडक होतं. सेटवर ओके म्हटलेल्या टेकचीच सहसा पॉझिटिव्ह प्रिंट निघायची, कारण प्रत्येक फुटाला पैसे पडायचे. बाकीचं निगेटिव्ह डब्यात राहायचं आणि एडिटरच्या टेबलावर येतच नसे. आता सगळं माझ्या ड्राइव्हवर असतं, मोजून एक क्लिक दूर, तरी ओकेच्या खुणेचा धाक तोच आहे. उलट एका बाबतीत आपलं नुकसानच झालंय. मला ज्यांनी शिकवलं ते स्टीनबेक या फिल्म एडिटिंगच्या टेबलावर काम केलेले. हजार फुटांचा रोल म्हणजे अकरा मिनिटं. त्यातला एखादा शॉट हवा असेल तर मधलं सगळं डोळ्यांसमोरून पळवत न्यावं लागायचं, आणि त्या पळवण्यात नको असलेल्या टेकची रोज पुन्हा ओळख व्हायची. वॉल्टर मर्च या अमेरिकी संकलकानेही हेच नोंदवून ठेवलंय, की रोल गुंडाळता-उलगडताना आपण न शोधलेल्या गोष्टी सापडतात. कॉम्प्युटर मात्र जे मागाल तेवढंच देतो. माझ्या सरांना हे सांगायला मर्च लागला नव्हता, त्यांची मान अवघडायची तेवढं पुरे होतं.

बिनमध्ये बरंच काही होतं. चुकून चालू राहिलेला कॅमेरा, कोणाचे तरी पाय, लेन्स बदलताना दिसणारं आभाळ. मग एक क्लिप आली जिच्या सुरुवातीला पाटी नव्हती. ओसरी, सूप, मावशी. आवाज नाही. त्या संध्याकाळी कॅमेऱ्याला गाइड आवाज जोडलेला नव्हता, त्यामुळे आवाजाच्या लाटा बघून आपोआप जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही काही करता आलं नसतं.

मी ती मुकीच पाहिली. आज वाटतं, मुकी पाहिली ते बरं झालं.

मावशी तांदूळ निवडताहेत. डाव्या हाताने पसरतात, उजव्याच्या दोन बोटांनी खडा उचलतात, बाजूच्या स्टीलच्या वाटीत टाकतात. फ्रेमबाहेरून भावाने काहीतरी विचारलं असणार, कारण त्यांची बोटं थांबतात. मान वर होत नाही. बोटं पुन्हा चालू होतात, आधीपेक्षा हळू. एक खडा त्या उचलतात, अंगठ्यावर घेऊन बघतात, खडा आहे की कणी याची खात्री करतात, वाटीत टाकतात. मग आणखी तांदूळ पसरतात. बोलत काहीच नाहीत. खांद्यात बोलण्याची तयारी नाही, श्वास ओढलेला नाही. नऊएक सेकंद हे चालतं. मग त्यांची नजर उजवीकडे जाते, भावाच्या दिशेने, पण त्याच्या चेहऱ्यापर्यंत नाही, फार तर त्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि परत सुपात येते. लगेच क्लिप संपते.

मी रात्रभर कात्रीने जे बनवू पाहत होतो, ते इथे अखंड पडलं होतं.

शीट काढली. ४७/३/५, म्हणजे सीन सत्तेचाळीस, शॉट तीन, टेक पाच. एनजी. कारणाच्या रकान्यात दोन गोष्टी: संवाद राहिला, गिरणी. आणि बाजूला ‘एंड बोर्ड’. उजेड जात होता, म्हणून आमच्या दिग्दर्शिका ताई म्हणाल्या असणार की क्लॅप शेवटी घ्या. शेवटी पाटी उलटी धरून आपटायची असते. पण संवाद राहिला, वर गिरणी सुरू झाली, ताई वैतागून ‘कट’ म्हणाल्या आणि कॅमेरा पाटी येण्याआधीच थांबला. पुढेही क्लॅप नाही, मागेही नाही. टेक अनाथ झाला.

यात कोणाचं काही चुकलं नव्हतं, हे मला लगेच कळलं. त्या संध्याकाळी, त्या पटकथेप्रमाणे, हा टेक खरोखर निकामी होता. विहिरीजवळचा तुकडा ही माहिती आक्कानेच द्यायची होती आणि ती तिने दिली नाही. ज्या चित्रपटासाठी हा टेक चांगला ठरला, तो चित्रपट तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो आम्ही मृत्यूचा प्रसंग सुरुवातीला आणला त्या दिवशी तयार झाला, आणि तेव्हापासून त्याला शोभणारा टेक शीटवरच्या जुन्या शेऱ्याखाली पडून होता.

आवाज शोधायला अर्धा तास गेला. साउंड रेकॉर्डिस्ट मोठा शिस्तीचा. टेक सुरू होताना माइकमध्ये हळूच बोलून ठेवायची त्याला सवय. त्या संध्याकाळच्या फोल्डरमध्ये शेवटून तिसऱ्या फाइलला त्याचा आवाज आला, ‘सत्तेचाळीस, तीन, पाच, एंड बोर्ड.’ आता क्लॅपशिवाय जुळवायचं कसं? ओठांवरून जुळवावं तर बाई बोलतच नाही. पण वाटी होती. खडा वाटीत पडतो तेव्हा ‘टण्’ होतं, लाटेत सुईसारखं टोक दिसतं. चित्रात फ्रेम-फ्रेम पुढे गेलं की खडा बोटांतून सुटलेली फ्रेम आणि तो वाटीच्या तळाशी असलेली फ्रेम वेगळी काढता येते. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चूक झाली तरी चोविसाव्या भागाची. पहिला खडा जुळवला आणि मग थेट शेवटच्या खड्यावर गेलो. तोही बसला. दोन्ही टोकं बसली म्हणजे मधे आवाज सरकत नाहीये. एकच खडा जुळवून समाधान मानलं तर फसायला होतं, कारण दोन यंत्रांची घड्याळं अगदी एकसारखी धावतीलच असं नाही.

आवाजासकट पाहिलं आणि गिरणी ऐकू आली. डिझेल इंजिनाची पिठाची गिरणी, धुराड्यावर डबा लावलेली, पुक-पुक-पुक. टेकच्या मध्यावर सुरू होते. रेकॉर्डिस्टने हात वर केला असणार ते उगाच नाही. संवादाखाली असा आवाज आला की ती ओळ डब करावी लागते, आणि मावशींसारख्या नटीची ओळ डब करायची म्हणजे अर्धा जीव जातो. पण या टेकमध्ये मावशींची ओळच नव्हती! गिरणीखाली फक्त भावाचं ‘बरं, उद्या बघू’ सापडत होतं, आणि तो फ्रेमबाहेर होता. त्याचे ओठ दिसत नसल्याने तेच वाक्य तिसऱ्या टेकमधून स्वच्छ उचलून इथे ठेवता आलं. एनजीची दोन्ही कारणं एकमेकांना खाऊन संपली.

खरी अडचण पदराची निघाली. ओके टेकमध्ये पदर खांद्यावर घसरलेला, या टेकमध्ये डोक्यावर. आधीचा शॉट आक्काच्या पाठीमागून भावावर होता, त्यात कडेला तिचं उघडं डोकं दिसायचं. तो काढून मी भावाचा एकट्याचा क्लोज घेतला. त्याचं बोलणं तिथे थोडं जास्त ताणलेलं आहे, पण चालतं. पुढचा शॉट अंगणातून लांबून घेतलेला, त्यात पुन्हा पदर खांद्यावर. एवढ्यात जागा झालेला माझा असिस्टंट डोळे चोळत म्हणाला, ‘दादा, पदर.’ मी म्हटलं, लोक चेहरा बघतात. तो म्हणाला, ‘माझी आई पदरच बघेल.’ याला उत्तर नव्हतं. भाऊ कागदाची घडी घालून पिशवीत ठेवतो असा दोन सेकंदांचा शॉट होता, तो मधे टाकला. दोन शॉटच्या मधे माणसाने पदर सारखा केला असेल, एवढी सवड त्याने मिळते.

उजेडही थोडा निळसर झाला होता, पण ते रंगांच्या टेबलावर निस्तरण्यासारखं होतं. सीन चौतीस सेकंदांचा होता, एकेचाळीसचा झाला. मान वर होताना संगीत सुरू होण्याची जी खूण होती, ती मी काढून टाकली. वर करायला मानच उरली नव्हती.

या टप्प्यावर एक सांगायला हवं. एनजीच्या ढिगात नेहमी काही दडलेलं असतं, अशी एक गोड समजूत आमच्या धंद्यात नव्या पोरांची असते. नसतं. त्याच रात्री, हुरूप आल्यामुळे, मी आणखी तीन सीनचे टाकलेले टेक उघडून बघितले. विसरलेले संवाद, गेलेला फोकस, ट्रॉलीला बसलेला धक्का, एका ठिकाणी शिंक. एनजी म्हणजे बहुतेक वेळा एनजीच. फरक एवढाच की ज्या सीनच्या आजूबाजूचं काही हललंय, त्याची शीट पुन्हा वाचायला हवी. बाकीच्यांची नाही.

ताईंना रात्री फोन केला नाही. दिग्दर्शकाला अर्ध्या झोपेत टेकबद्दल सांगितलं की त्याला तो टेक सेटवरचा आठवतो, पडद्यावरचा नाही. जुनी टाइमलाइन जशीच्या तशी ठेवली आणि नवी वेगळ्या नावाने. त्या सातला आल्या. मी काही न बोलता शेहेचाळीसपासून लावलं, सरळ सत्तेचाळीसवर नेलं नाही, कारण आधीचा सीन अंगावर घेऊन तिथे पोहोचणं हाच तर मुद्दा होता.

सीन संपल्यावर ताई म्हणाल्या, ‘माझी ओळ कुठंय?’

मी सांगितलं.

‘ती ओळ माझ्या सख्ख्या आत्याची आहे,’ त्या म्हणाल्या. ‘याच शब्दांत बोलली होती. या एका ओळीसाठी मी हा सीन लिहिलाय.’

हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर रात्री हात आखडला असता. आम्ही बराच वेळ वाद घातला. त्यांचं म्हणणं असं की गप्प बसणारी सोशीक बाई मराठी पडद्याने पुष्कळ पाहिली आहे, आपली आक्का निदान एकदा तरी तोंडाने आपला हक्क सांगते, आणि तू नेमकं तेच काढून घेतोयस. मुद्दा बिनतोड होता. माझं म्हणणं असं की ही बाई सोसत नाहीये, ती भावाला ताटकळत ठेवतेय. ओळ बोलणारी आक्का भावाकडे काहीतरी मागते, कणी की खडा हे तपासत बसलेली आक्का काहीच मागत नाही आणि सहीही देत नाही.

ताईंनी दोन्ही टाइमलाइन पुन्हा पाहिल्या, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग म्हणाल्या, नवा ठेव, पण ती नजर गुडघ्यापर्यंत जाते ना, त्याच्यानंतर आठ फ्रेम कमी कर, तिथे ती केविलवाणी वाटायला लागते. मी कमी केल्या. बरोबर होतं. रात्रभर बघूनही मला ते दिसलं नव्हतं. विहिरीजवळचा तुकडा सुरुवातीच्या वडिलांच्या प्रसंगात त्याच शब्दांत आहे का, ते त्यांनी तपासून घेतलं, आणि ‘तुझा’वर कापू नकोस, थोडं राहू दे, असं बजावलं. लॉक दहाऐवजी साडेअकराला गेलं. साउंड डिझायनर रागावला आणि मग त्यानेच विचारलं, की ही गिरणी एकाएकी उगवते ती पुढच्या शॉटला गायब का होते. आम्ही ठरवलं की ती पुढचे दोन सीन दूरवर चालू राहील आणि भाऊ एसटीत बसला की थांबेल. स्वच्छ आवाज जेमतेम सहा सेकंदांचा होता, तेवढ्यावरून त्याने सगळं उभं केलं.

काही आठवड्यांनी मावशी दुसऱ्या एका सीनच्या डबिंगला आल्या. ताईंनी त्यांना सत्तेचाळीस दाखवला. मावशींनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, ‘हा तर माझा चुकलेला. हा का लावलात?’

ताईंनी विचारलं, ‘मावशी, तेव्हा ओळ विसरला होतात की मुद्दाम बोलला नाहीत?’

‘विसरते कशाला? नाटकात तीस-तीस पानं पाठ असायची माझी,’ मावशी म्हणाल्या. ‘प्रॉडक्शनवाल्यांनी आणलेले तांदूळ होते ते. त्या दिवशी रात्री युनिटला त्याचाच भात होणार होता. खडे निघत होते एकेक एवढाले. मी म्हटलं, आधी हे निवडून घेऊ.’

मग त्यांनी हेडफोन लावला आणि ज्या सीनसाठी आल्या होत्या त्याचं पहिलं वाक्य मागितलं.